फ्रँकफर्टचा थांबा मोजताना साडेचार तास कुठे धरायचे?

प्रश्न: आई-बाबांना ठाण्याहून बोस्टनला पाठवतोय, एकाच तिकिटावर. 24 मार्च 2027 ला मुंबईहून रात्री 1:30, फ्रँकफर्टला सकाळी 6:00. पुढचं विमान तिथून 8:40 ला. भारत आणि जर्मनीत साडेचार तासांचा फरक आहे, मग थांबा 2 तास 40 मिनिटांचा की 7 तास 10 मिनिटांचा? आणि तारीख 30 मार्च केली तर हेच गणित राहील ना?

उत्तर: थांबा 2 तास 40 मिनिटांचा. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या घड्याळाची असते. 6:00 आणि 8:40 या दोन्ही वेळा फ्रँकफर्टच्याच आहेत, म्हणून सरळ वजाबाकी करायची. साडेचार तास लागतात ते उड्डाणाचा वेळ काढताना. 1:30 ते 6:00 हे साडेचार तास दिसतात, त्यात फरकाचे साडेचार मिळवले की 9 तास होतात, आणि मुंबई-फ्रँकफर्टला साधारण तेवढेच लागतात. उत्तर असं पटण्यासारखं आलं की वेळा बरोबर वाचल्या असं समजा.

घोळ बहुतेकदा फोनच्या कॅलेंडरमुळे होतो. तुम्ही ठाण्यात बसून पाहिलंत तर फ्रँकफर्टचे 6:00 तिथे 10:30 दिसू शकतात. एक वेळ कॅलेंडरमधून आणि दुसरी तिकिटावरून घेतली, तर 10:30 ला उतरून 8:40 चं विमान पकडायचं, असं काहीतरी भलतंच निघतं. दोन्ही वेळा भारतीय केल्या (10:30 आणि 13:10) तरी उत्तर 2 तास 40 मिनिटंच येतं. फक्त एकाच घड्याळावर राहायचं.

आता 30 मार्च. खरी अडचण इथे आहे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, 2027 मध्ये तो रविवार 28 मार्च. भारतात घड्याळ हलत नाही, त्यामुळे त्या दिवसापासून फरक साडेचारऐवजी साडेतीन तासांचा होतो. मुंबईची सुटण्याची वेळ 1:30 च राहिली, तर 9 तासांनी तुमच्या आई-बाबांचं विमान फ्रँकफर्टच्या घड्याळात 7:00 ला उतरेल. बोस्टनचं विमान मात्र तिथल्या घड्याळानं 8:40 लाच सुटणार असेल, तर थांबा 1 तास 40 मिनिटांवर येतो. विमानाला काही उशीर झालेला नसतो, तरी हातातला एक तास जातो.

28 तारखेला मुंबईहून सुटणाऱ्या विमानालाही हेच लागू होतं. युरोपातला बदल जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री 1 वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी 6:30 ला होतो, आणि तेव्हा ते विमान हवेत असतं.

असं होईलच असं नाही. त्याच रविवारी उन्हाळी वेळापत्रक सुरू होतं आणि एअरलाइन्स त्यात फेरफार करतात. कोणी मुंबईची वेळ 12:30 करून फ्रँकफर्टची 6:00 टिकवते, कोणी मुंबईची 1:30 तशीच ठेवते. म्हणून एअरलाइनच्या साइटवर 24 आणि 30 या दोन्ही तारखा टाकून तेच विमान शोधा. मुंबईची वेळ तीच आणि पोहोचण्याची एक तास पुढे दिसली, की थांबा आक्रसला.

1 तास 40 मिनिटं कागदावर ठीक वाटतात. पण विमान थांबल्यापासून ज्येष्ठ माणसं बाहेर येईपर्यंत 20-25 मिनिटं सहज जातात, व्हीलचेअर असेल तर त्याहून जास्त. भारतातून आलेल्यांची तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी होते, अमेरिकेच्या विमानाला कागदपत्रंही बघतात. गेट सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतं, म्हणून शेवटची 20 मिनिटं आपली धरायचीच नाहीत. उरतो जेमतेम तास, आणि मुंबईहून अर्धा तास उशीर झाला तर तोही अर्धा होतो. एकाच तिकिटावर विमान चुकलं तर पुढची सोय एअरलाइन करते, पण सत्तरीतल्या माणसांना परक्या विमानतळावर तिष्ठत बसवणं मला पटत नाही. 24 तारीखच ठेवा. 30 च हवी असेल तर त्या दिवशीचं बोस्टनचं नंतरचं विमान मागून बघा.

अजून एक: 30 तारखेचे रात्री 1:30 म्हणजे 29 ची रात्र. ठाण्याहून 29 ला संध्याकाळी आठ-साडेआठला निघावं लागेल, तेव्हा टॅक्सी 30 च्या रात्रीची ठरवू नका. तिकिटावर `BOM` आहे की `NMI` तेही बघून घ्या, नवी मुंबई विमानतळाचा रस्ता वेगळा आहे.