वाढ आणि बोनस अपेक्षेपेक्षा कमी असताना स्टाफला कसं कळवावं?

प्रश्न: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे, 46 माणसं. गेल्या वर्षी 10 टक्के वाढ आणि 12 टक्के बोनस दिला. यंदा वाढ 6 टक्के, तीही एप्रिलऐवजी ऑक्टोबरपासून, आणि बोनस 8.33. लोक गेल्या वर्षीचाच आकडा धरून बसलेत. शेठनी कळवायचं काम माझ्यावर टाकलंय. नोटीस कशी लिहू?

उत्तर:

नोटीस शेवटी लिहा. आधी एका माणसाचा हिशोब मांडून पाहा, कारण तुमच्याकडची निम्मी नाराजी टक्क्यांच्या घोटाळ्यातून येणार आहे.

8.33 म्हणजे शंभराचा बारावा भाग. त्यामुळे शॉप फ्लोअरवर त्याचा अर्थ सरळ "एक पगार" असा होतो. पण टक्का हातात येणाऱ्या पगारावर लागत नाही. कायद्याने ठरलेली मर्यादा किंवा तुमच्या उद्योगाचं किमान वेतन, यातलं जे जास्त, त्यावर तो लागतो. समजा एका टर्नरचा एकूण पगार 18,000 आहे, त्यात मूळ पगार 13,000, आणि उदाहरणापुरता बोनसचा आधारही 13,000 धरू. वर्षाचे 1,56,000, त्याचे 8.33 टक्के म्हणजे 12,995 रुपये. त्याच्या डोक्यात मात्र 18,000 आहेत. गंमत अशी, की याच आधारावर 12 टक्के म्हणजे 18,720 होतात, जवळजवळ त्याचा एक पगार. म्हणजे "एक पगार बोनस" हा समज गेल्या वर्षी तुमच्याच आकड्याने पक्का झाला. नोटिशीत नुसतं "8.33 टक्के" लिहिलंत तर यंदाही एक पगार मिळणार असं समजून लोक खुश होतील, आणि धनत्रयोदशीच्या आधी खात्यात 12,995 दिसले की पाच हजार कापल्याचा आरोप तुमच्यावर येईल. म्हणून प्रत्येकाला त्याचा रुपयांतला आकडा द्या.

वाढीचंही तेच. 18,000 वर 6 टक्के म्हणजे 1,080. ही रक्कम मूळ पगारात घातली तर 12 टक्के पीएफ आणि 0.75 टक्के ईएसआय जाऊन हातात साधारण 942 पडतात. हे आधीच सांगा.

आता एक जागा जिथे हमखास फसायला होतं. ज्यांचा पगार 20,000 च्या आसपास आहे त्यांची यादी वेगळी काढा. 20,200 वाल्याला 6 टक्के दिले की तो 21,412 वर जातो आणि ईएसआयची 21,000 ची मर्यादा ओलांडतो. ईएसआयचा हिशोब एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन तुकड्यांत चालतो. तुकडा सुरू झाल्यावर मधेच पगार वाढला तर माणूस तुकडा संपेपर्यंत योजनेत राहतो. तुमची वाढ नेमकी 1 ऑक्टोबरपासून आहे, म्हणजे तो त्याच दिवशी बाहेर. हीच वाढ 1 नोव्हेंबरपासून असती तर मार्चअखेरपर्यंत आत राहिला असता. आधी भरलेल्या हप्त्यांवर काही महिने सोय मिळते, पण घरात कुणाचे उपचार गोत्रीच्या ईएसआय दवाखान्यात चालू असतील तर त्या घराला 1,212 रुपयांची वाढ तोट्याची वाटू शकते. अशा माणसांशी नोटीस लागण्याआधी बोला. तारखेबद्दल त्यांचं म्हणणं शेठपर्यंत नेता येत असेल तर न्या. (बोनसच्या पात्रतेचे 21,000 हे वेगळं प्रकरण आहे, ते मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजतात. दोन्हींची गल्लत करू नका.)

बोनसचं कारण सांगण्याआधी सीएकडून वाटपयोग्य शिलकेचा, म्हणजे नफ्यातला जो भाग बोनस म्हणून वाटता येतो त्याचा, कागद घ्या. किमान 8.33 ते कमाल 20 टक्के ही चौकट 1965 च्या बोनस कायद्यापासून चालत आली आहे, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तीच आहे. मागच्या वर्षांतली 20 टक्क्यांवरची शिल्लक पुढे ओढली जाते. तशी काही शिल्लक पडून असेल तर "यंदा किमानच देता येतो" हे तुमचं वाक्य चुकीचं ठरेल, आणि ते चुकीचं आहे हे कामगारांपैकीच कुणीतरी दाखवून देईल.

क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी सकाळी सुपरवायझर, दुपारी ईएसआयवाले आणि ज्यांना बढतीची आशा होती ते, एकेकटे, दहा-दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर, आणि लगेच हातात चिठ्ठी. दोन दिवसांपेक्षा लांबवू नका, चहाच्या टपरीवर आकडे वेगळेच फिरतात. बोनसला कायद्याने हिशोबाचं वर्ष संपल्यापासून 8 महिने मिळतात, म्हणजे मार्च वर्षअखेर असेल तर 30 नोव्हेंबर. पण दिवाळी त्याआधी येते, आणि लोक दिवाळीच मोजतात.

नोटीस बोर्डावर गुजराती आणि हिंदीत लावा. आपल्या मराठी मंडळींना तोंडी मराठीत सांगा, पण आकडे तिन्हीकडे तेच हवेत. मजकूर साधारण असा:

> "यंदाची पगारवाढ 6 टक्के आहे आणि ती 1 ऑक्टोबरपासून लागू होईल. एप्रिल ते सप्टेंबरचा फरक मिळणार नाही. बोनस 8.33 टक्के आहे, तो धनत्रयोदशीच्या आधी खात्यात जमा होईल. गेल्या वर्षी वाढ 10 आणि बोनस 12 टक्के होता. यंदाही तेवढंच मिळेल असं धरून अनेकांनी घरचे खर्च ठरवले असतील, आणि ती अपेक्षा चुकीची नव्हती. यंदा नफा कमी झाल्यामुळे तेवढं देता येत नाही. प्रत्येकाचा रुपयांतला हिशोब चिठ्ठीत आहे. पुढचा आढावा एप्रिलमध्ये होईल."

"फरक मिळणार नाही" हे वाक्य शेठ काढायला सांगतील, काढू नका. न लिहिलेला फरक लोक मिळणार असं धरून चालतात, आणि मग नोव्हेंबरभर तेच उत्तर 46 वेळा द्यावं लागतं. "अपेक्षा चुकीची नव्हती" यावरही कुरकुर होईल. पण 12 टक्के तुम्हीच दिले होते, तेव्हा ती अपेक्षा तुम्हीच तयार केली. "नफा कमी" हे मात्र सीएचा कागद तसं म्हणत असेल तरच लिहा. पैसा नव्या मशिनमध्ये गेला असेल तर तसं लिहा, कारण मशिन सगळ्यांना रोज दिसतं.

"आपण एक कुटुंब आहोत", "परिस्थिती समजून घ्या", "पुढच्या वर्षी नक्की भरपाई करू" ही तीन वाक्यं नोटिशीत नकोत आणि सुपरवायझरच्या तोंडीही नकोत. तिसरं सगळ्यात महाग. एप्रिलमध्ये आढावा घेऊ म्हणणं वेगळं आणि भरपाई करू म्हणणं वेगळं, हा फरक सुपरवायझरकडून तोंडी म्हणवून घ्या.

एकेकट्याशी बोलताना आकडा पहिल्या मिनिटात सांगा, मग गप्प बसा. माणूस म्हणेल, "मग त्याला किती मिळाले?" दुसऱ्याचा पगार सांगायचा नाही, पण टक्का सगळ्यांना सारखाच आहे हे सांगा. कुणाला वेगळा दिला असेल तर ते आधीच मान्य करून त्याचं कारण सांगा, उदाहरणार्थ त्याने सीएनसी सेटिंगचं काम घेतलं. लपवलेला जादा टक्का बडोद्यात आठवडाभरही टिकत नाही. कुणी चिठ्ठीवर सही करायला नकार दिला तर जबरदस्ती करू नका. सही फक्त चिठ्ठी मिळाल्याची आहे, मान्यतेची नाही, हे चिठ्ठीवरच छापून ठेवा. नाराजी लिहून द्यायची असेल त्याला कागद द्या आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर मिळेल ते त्याच कागदावर लिहा.