अण्णांनी मागितलेलं ताट

"बाबा, आत्या म्हणाली की आजोबा तिच्या स्वप्नात येऊन जेवायला मागत होते. मेलेल्या माणसाला भूक कशी लागते? आणि मग तिनं काय केलं?"

सोनू,

ही गोष्ट 2019 ची. ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला आणि शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरात पाणी शिरलं. महिन्याभरानं पितृपक्ष लागला तेव्हा घरात अजून चिखलाचा वास होता, चूल धड नव्हती. अण्णा पंचमीला गेले होते, म्हणून दरवर्षी पितृपक्षातल्या पंचमीला त्यांचा म्हाळ घालायचा. त्या वर्षी ती तिथी कुणाच्या ध्यानातच राहिली नाही. मी तर इकडं परदेशात, मला कुठली तिथी!

दोन दिवसांनी आत्याला स्वप्न पडलं. अण्णा ओल्या धोतरानं उंबऱ्यात उभे, म्हणाले, "बाळे, ताट वाढ की." ती पहाटे रडतच उठली. आजीनं पहिल्यांदा कॅलेंडर बघितलं, मग भटजींना विचारलं. भटजींनी सरळ सांगितलं, तिथी हुकली तर सर्वपित्री अमावास्येला घाला, ती सगळ्यांनाच चालते. शेजारच्या एकानं मात्र पितृदोष काढला, त्रिपिंडी करा म्हणाला. आजी म्हणाली, "तीन वर्सं म्हाळ चुकला तर तिरपिंडी. आमचा एकच चुकलाय." भीती घालून खर्चात पाडणारे असतात, बाळा. पण राहिलं काय हे आजीला ठाऊक होतं, म्हणून ती फसली नाही.

अमावास्येला काकानं दर्भ आणि तीळ घेऊन अण्णा, पणजोबा आणि खापरपणजोबा या तिघांच्या नावानं भाताचे पिंड ठेवले. तांदळाची खीर, वडे, कढी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी झाली. अण्णांना तांबडा रस्सा जीव की प्राण, पण आपल्या घरी म्हाळाला मटण चालत नाही. दुपारी केळीच्या पानावर सगळं वाढून गच्चीवर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. तासभर झाला तरी कावळा येईना. तेव्हा आत्या हात जोडून म्हणाली, "अण्णा, पुढच्या साली पंचमी चुकणार नाही." तरीही आला नाही! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला शिवला, आणि ते पान गाईला घातलं.

भूक त्यांना लागते का, ते मला सांगता येणार नाही. शास्त्र म्हणतं, श्राद्धाचं अन्न पितरांना पोचतं. मला एवढंच दिसतं की स्वप्न पडलं ते पंचमी हुकल्यावर, आणि ते पडलं आत्यालाच, जी अण्णांना रोज रात्री ताट वाढायची.

नंतर एकदा अण्णा तिला पुन्हा दिसले. कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होते, काही मागितलं नाही. आजीनं ऐकलं आणि विचारलं, "धोतर वाळलं होतं न्हवं?"

तुझा,
बाबा