निवृत्त, फारखत आणि ‘भासू देणं’

प्रश्न : आमच्या पेढीतून वडील मार्चअखेर ‘निवृत्त’ झाले. तसा करार झाला, पेपरात ‘यापुढे त्यांचा पेढीशी काहीही संबंध नाही’ अशी नोटीसही दिली. तरी एक व्यापारी बाकीसाठी त्यांच्याच मागे लागलाय. ‘निवृत्त’ म्हणजे जबाबदारीतून मोकळा असा अर्थ होत नाही का? आणि वकील ज्याला ‘होल्डिंग आउट’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं?

नाही होत. ‘निवृत्त’ हा शब्द आपण नोकरीवरून उचलला, आणि नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे कचेरीची देणी मागायला कुणी जात नाही. भागीदाराचं तसं नाही. १९३२च्या भारतीय भागीदारी अधिनियमातली निवृत्ती ही भागीदारांची आपसातली गोष्ट आहे. बाहेरच्या माणसाच्या हिशेबात तुमचे वडील त्या तारखेला आपोआप वजा होत नाहीत.

तुमच्या मनात जो अर्थ आहे त्यासाठी मराठीत जुना, नेमका शब्द आहे : फारखत, म्हणजे मोकळीक दिल्याचा लेख. आज ‘फारकत’ म्हटलं की घटस्फोट आठवतो, पण देण्याघेण्याच्या व्यवहारातही हा शब्द रुळलेला होता. ‘माझं तुमच्याकडे काही येणं उरलं नाही’ असं ज्याचं येणं असतं तो लिहून देतो, ती फारखत. मोकळं करण्याचा अधिकार येणं असणाऱ्याचा, देणं असणाऱ्याचा नाही. तुमच्या करारावर त्या व्यापाऱ्याची सही आहे का? नसेल, तर ती निवृत्ती झाली, फारखत नाही.

समजा, ३१ मार्चला त्या व्यापाऱ्याचे पेढीकडे ४ लाख येणं होतं. जूनमध्ये पेढीने त्याच्याकडून आणखी अडीच लाखांचा माल उधारीवर उचलला. जुलैत दुसऱ्याच एका नव्या व्यापाऱ्याने १ लाखाचा माल दिला, आणि वडील कधी भागीदार होते हे त्याच्या गावीही नव्हतं. तिन्ही रकमांचं उत्तर वेगवेगळं येतं.

४ लाख हे निवृत्तीआधीचं देणं आहे. त्याची जबाबदारी वडिलांवर राहतेच. करारात ‘जुनी सर्व देणी राहिलेले भागीदार फेडतील’ असं कलम असेल, तर ते त्या भागीदारांना बांधतं. वडिलांनी पैसे भरले तर ते त्यांच्याकडून वसूल करता येतील, पण व्यापाऱ्याला ते कलम दाखवून परत पाठवता येणार नाही. अधिनियमाच्या कलम ३२(२) प्रमाणे सुटका होते ती वडील, तो व्यापारी आणि राहिलेले भागीदार या तिघांच्या करारानेच. ही खरी फारखत. हा करार लेखीच हवा असं नाही. निवृत्ती माहीत असूनही व्यापाऱ्याने राहिलेल्या भागीदारांच्या नव्या पेढीशी जसा व्यवहार ठेवला, त्यावरूनही तो गृहीत धरता येतो. जुनी बाकी नव्या पेढीच्या खात्यावर ओढून घेतली, त्या भागीदारांकडून नवी मुदत आणि नव्या हुंड्या घेतल्या, तर त्याने वडिलांना सोडलं असं म्हणायला जागा होते. नुसता एखादा हप्ता नव्या पेढीकडून घेतला, एवढ्यावर विसंबू नका.

जूनचे अडीच लाख लोकांना जास्त खटकतात, कारण तेव्हा वडील पेढीत नव्हतेच. पण कलम ३२(३) सांगतं की निवृत्तीची जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत ही जबाबदारी चालूच राहते. आणि जाहीर नोटीस म्हणजे पेपरातली चौकट नव्हे. पेढी नोंदणीकृत असेल तर कलम ७२प्रमाणे तीन गोष्टी लागतात : फर्म निबंधकाकडे सूचना, राजपत्रात प्रसिद्धी, आणि पेढीचं मुख्य ठिकाण ज्या जिल्ह्यात आहे तिथे खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात प्रसिद्धी. पेढी नोंदलेली नसेल तर निबंधक गळतो, राजपत्र आणि वर्तमानपत्र राहतात. आपल्याकडे बहुतेक जण पेपरात नोटीस देऊन थांबतात, आणि घोटाळा तिथेच होतो. तुम्हीही तिथेच थांबला असाल, तर जूनच्या अडीच लाखांसाठी व्यापारी वडिलांना गाठू शकतो. नोटीस देण्याचा अधिकार निघालेल्याला जसा आहे तसाच राहिलेल्यांनाही आहे, आणि तो त्यांनी वापरावा. कारण नोटीस नसताना वडिलांनी पेढीच्या नावावर काही केलं, तर तेही राहिलेल्या भागीदारांवर येतं.

जुलैच्या १ लाखाची मात्र काळजी नको. निवृत्त माणूस भागीदार होता हेच ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला त्याच्याकडे मागता येत नाही, असा कलम ३२(३)ला अपवाद आहे. कधीही पुढे न आलेल्या निष्क्रिय भागीदाराला तो फार उपयोगी पडतो. (भागीदार मरण पावला तर त्यानंतरच्या व्यवहारांसाठी त्याची मालमत्ता धरता येत नाही, तिथे नोटीसही लागत नाही.)

आता ‘होल्डिंग आउट’. ‘भागीदार असल्याचं भासवणं’ हा प्रतिशब्द चांगला आहे, पण तो अर्धाच आहे. कलम २८ दोन माणसांना पकडतं : बोलून, लिहून किंवा वागणुकीतून स्वतःला भागीदार दाखवणारा, आणि दुसरा कुणी आपल्याला भागीदार म्हणून दाखवत असताना ते जाणूनबुजून चालू देणारा. मराठीत क्रियापदाच्या रूपानेच हा भेद करता येतो. पहिला भासवतो, दुसरा भासू देतो. म्हणून मी ‘भासवणं किंवा भासू देणं’ असं पुरतं लिहीन. त्यावर विसंबून कुणी पेढीला उधार दिली, की तो माणूस भागीदारासारखाच बांधला जातो.

‘जाणूनबुजून’ या शब्दाचं वजन १९४९च्या टॉवर कॅबिनेट विरुद्ध इन्ग्राम या इंग्लंडमधल्या खटल्यात दिसतं. ख्रिसमस आणि इन्ग्राम हे दोघे ‘मेरीज’ या नावाने फर्निचरचा धंदा करत. १९४७मध्ये भागीदारी मोडली आणि ख्रिसमसने धंदा एकट्याने चालू ठेवला. पुढच्या जानेवारीत त्याने टॉवर कॅबिनेटकडे बेडरूमच्या फर्निचरचे सहा सेट मागवले, आणि मागणी पक्की करताना वापरला इन्ग्रामचं नाव छापलेला जुना लेटरहेड. पैसे थकले तेव्हा कंपनी इन्ग्रामकडे वळली. जुने कागद नष्ट झाले की नाही हे त्याने पाहिलं नव्हतं, ही फार तर हयगय म्हणता येईल. पण आपलं नाव तसं वापरलं जातंय हे त्याला माहीतच नव्हतं, म्हणजे त्याने काही भासू दिलं नव्हतं. तो भागीदार होता हे कंपनीला आधी ठाऊकही नव्हतं. इन्ग्राम सुटला.

तुमच्या वडिलांना मात्र हा बचाव मिळेलच असं नाही. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर त्यांचं नाव अजून आहे आणि ते रोज गल्ल्याशेजारी बसतात, तर ‘मला माहीत नव्हतं’ कसं म्हणणार? नाव आधी खोडून घ्या. मग राहिलेली नोटीस पुरी करा. तीत निवृत्तीची तारीख हवी, कारण ‘यापुढे’ म्हणजे कधीपासून हे वाचणाऱ्याला कळत नाही. नेहमीच्या प्रत्येक व्यापाऱ्याला वेगळं पत्र पाठवा आणि पोच ठेवा. जुन्या ४ लाखांसाठी त्या व्यापाऱ्याकडून फारखत लिहून मागा. बँकेच्या कर्जाला वडील वैयक्तिक जामीन असतील तर तो करारच निराळा, निवृत्तीने तो संपत नाही. पुढच्या उचलीपुरता तो थांबवायचा असेल तर बँकेला स्वतंत्र सूचना द्यावी लागेल.