अर्निंग्ज कॉलचा सारांश: ‘गायडन्स कायम’ लिहिण्याआधी उरलेल्या सहामाहीचं गणित करा

प्रश्न: रिसर्च टीममध्ये नुकतीच ज्युनिअर ॲनालिस्ट म्हणून लागलेय. सर तिमाही कॉलचं वीसेक पानांचं ट्रान्सक्रिप्ट देतात आणि म्हणतात गायडन्स, रिस्क आणि मॅनेजमेंटचा टोन असं एका पानात लिहून दे. माझं लिहिलेलं दरवेळी परत येतं, ‘हे तर प्रेस रिलीजमध्येच आहे’ म्हणून. नक्की कसं लिहायचं?

उत्तर:

मी बरीच वर्षं हेच काम केलंय आणि आता इतरांच्या नोट्स तपासतो. परत पाठवाव्या लागणाऱ्या नोट्समध्ये बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते, गायडन्स, रिस्क आणि टोन हे तीन वेगळे कप्पे समजून प्रत्येकात ट्रान्सक्रिप्टमधली वाक्यं उचलून ठेवलेली असतात. खरं तर तिन्ही एकाच धाग्यात येतात. कंपनीने दिलेलं गायडन्स गाठायला अजून किती अंतर कापायचंय, ते अंतर कशाच्या भरवशावर कापणार, आणि त्या भरवशाबद्दल ही माणसं मागच्या वेळी कशी बोलली होती आणि आता कशी बोलतायत. पहिलं नीट काढलं की उरलेली दोन कुठे शोधायची ते आपोआप कळतं.

वाचायला बसताना आधी मागच्या तिमाहीचं ट्रान्सक्रिप्ट उघडा, या वेळचं नाही. त्यात वर्षाबद्दल जे जे आकडे आणि अटी बोलल्या गेल्या ते एका कागदावर उतरवा, मग नवीन ट्रान्सक्रिप्ट घ्या. त्यातही सीईओंचं सुरुवातीचं निवेदन सगळ्यात शेवटी वाचलं तरी चालतं, ते आधी लिहून, वकिलांनी आणि इन्व्हेस्टर रिलेशन्सच्या लोकांनी तपासून वाचून दाखवलेलं असतं. आधी सीएफओंचा भाग आणि मग प्रश्नोत्तरं, आपल्याला हवं ते बहुतेक तिथेच सापडतं.

आता एक उदाहरण करून दाखवतो. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे मुद्दाम सोपे घेतलेत. कंपनी मोठी यंत्रं बनवून विकते. सीईओ पहिल्याच पानावर म्हणतात की वर्षाचं १० ते १२ टक्के महसूलवाढीचं गायडन्स आम्ही कायम ठेवतोय. ज्युनिअर लिहितो, ‘गायडन्स कायम, १० ते १२ टक्के’. हे खोटं नाहीये, पण हे प्रेस रिलीजमध्येही आहे आणि यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

मागच्या वर्षीचा महसूल १००० धरा, दोन्ही सहामाहीत ५००-५००. या वर्षी पहिल्या सहामाहीत वाढ झाली ६ टक्के, म्हणजे ५३०. गायडन्सप्रमाणे वर्षाला ११०० ते ११२० व्हायला हवेत, तर उरले ५७० ते ५९०. मागच्या वर्षीच्या दुसऱ्या सहामाहीच्या ५०० वर ही झाली १४ ते १८ टक्के वाढ. म्हणजे आकडा ‘कायम’ ठेवून मॅनेजमेंट खरं तर सांगतेय की आमची वाढ दुपटीपेक्षा जास्त वेगाने होणार. हे त्या अख्ख्या ट्रान्सक्रिप्टमध्ये कुणीच म्हणत नाही, ते तुम्हाला काढावं लागतं आणि सरांना तेच हवंय. (तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच सहामाहीशी करा, लगेच आधीच्या सहामाहीशी नको, नाहीतर ज्या धंद्यात दुसरी सहामाही दरवर्षीच मोठी असते तिथे उगाच घाबराल.)

आणि गोष्ट इथे संपत नाही. चौदाव्या पानावर एक ॲनालिस्ट सहज विचारतो की मागच्या तिमाहीत विकत घेतलेली छोटी कंपनी या १० ते १२ मध्ये धरलीय का. सीएफओ म्हणतात हो, आता धरलीय, दुसऱ्या सहामाहीत तिचे साधारण १५ येतील. तुमच्या कागदावर मागच्या वेळचं वाक्य आहे, ‘हे गायडन्स ॲक्विझिशन सोडून आहे’. मग जुन्या मापाने मोजलं तर वर्षाचं गायडन्स आता ८.५ ते १०.५ टक्केच उरलं. आकडा तोच ठेवून त्याखालचं माप बदललं, आणि प्रत्यक्षात गायडन्स दीड टक्क्याने खाली आलं. मी नवीन असताना नेमकी हीच गोष्ट माझ्या हातून सुटली होती, मागचं ट्रान्सक्रिप्ट उघडलंच नव्हतं, आणि नोट बाहेर गेल्यावर एका क्लायंटने फोन करून दाखवून दिली. तेव्हापासून प्रत्येक गायडन्सच्या आकड्यासोबत मी काळ, माप आणि अट लिहितोच. माप म्हणजे ॲक्विझिशन धरून की सोडून, चलनातले चढउतार वगळून की धरून, मार्जिन असेल तर एकवेळचे खर्च काढून की ठेवून.

अजून एक चूक फार होते. आकडा कुणाच्या तोंडून आला हे बघितलं जात नाही. ॲनालिस्ट विचारतो, ‘मग मार्जिन १५ टक्के धरू का?’ आणि सीएफओ म्हणतात, ‘तुमचं गणित फार चुकीचं नाही.’ हे कंपनीचं गायडन्स नाही! आकडा ॲनालिस्टचा, सीएफओंनी फक्त नाकारला नाही, आणि नोटमध्ये तसंच लिहायचं. तसंच ‘एक्स्पेक्ट’ आणि ‘ॲस्पायर’ या दोन शब्दांत फरक आहे, तीन वर्षांत अमुक करायची आकांक्षा आहे हे गायडन्सखाली टाकू नका, त्याला वेगळी ओळ द्या.

आता रिस्क. कॉलच्या सुरुवातीला जो सेफ हार्बरचा परिच्छेद वाचतात तो कायदेशीर बचावासाठी असतो आणि दर तिमाहीला जवळपास तोच असतो, त्यातून रिस्क उचलू नका. ‘मागणी मंदावू शकते, स्पर्धा वाढू शकते’ हेही नको, ते कुठल्याही कंपनीला लागू पडतं. आपल्याकडे आता नेमका प्रश्न आहे, ॲक्विझिशन सोडलं तरी दुसऱ्या सहामाहीत ५५५ ते ५७५ लागणार, म्हणजे ११ ते १५ टक्के वाढ, ती येणार कुठून? प्रश्नोत्तरांत याच जागी कोण कोण टोचतंय ते शोधा. आपल्या उदाहरणातल्या कॉलवर दोन ॲनालिस्टनी विचारलं की एवढा वेग कशाने वाढेल, उत्तर आलं की मोठ्या ऑर्डर्स हातात आहेत, डिलिव्हरी दुसऱ्या सहामाहीत आहे. मग तिसऱ्याने नेमकं विचारलं की ऑर्डर बुकपैकी किती भाग पुढच्या सहा महिन्यांत बिल होईल, आणि सीईओंनी उत्तरात एकूण ऑर्डर बुक किती विक्रमी आहे ते सांगितलं. विचारलेल्याचं उत्तर आलंच नाही. एकच गोष्ट दोन-तीन जण वेगवेगळ्या शब्दांत विचारतायत आणि उत्तर शेजारच्या गल्लीत जातंय, अशी जागा दिसली की तिथे पेन ठेवा, रिस्क तिथेच आहे.

त्याच कॉलमध्ये ग्राहकांकडून येणं वसूल व्हायचे दिवस ६२ वरून ७८ झालेत, आणि सीएफओ म्हणतात ही फक्त टायमिंगची गोष्ट आहे, तिमाहीच्या शेवटी बरीच बिलं निघाली. हे खरं असू शकतं, उगाच संशय घेऊ नका, पण टायमिंगचं कारण तपासता येतं. खरंच टायमिंग असेल तर पुढच्या तिमाहीत दिवस परत साठीच्या आसपास यायला हवेत. आले नाहीत तर एक शक्यता अशी की पहिल्या सहामाहीची ६ टक्के वाढसुद्धा ग्राहकांना उधारी वाढवून मिळवलेली असावी. म्हणून रिस्क लिहिताना तीन गोष्टी एका वाक्यात बसवा: काय बिघडू शकतं, ते कुठल्या आकड्यात दिसेल आणि कधी कळेल.

टोनचा भाग सगळ्यात जास्त बिघडतो, कारण लोक विशेषणं लिहितात. ‘मॅनेजमेंट आत्मविश्वासपूर्ण वाटली.’ कॉलवर कुठली मॅनेजमेंट तशी वाटत नाही? टोन एकट्या कॉलमधून लिहिताच येत नाही, तो दोन कॉलमधला फरक असतो. त्याच विषयावर मागच्या वेळचं उत्तर आणि या वेळचं उत्तर शेजारी ठेवा. आपल्या उदाहरणात मागच्या वेळी डिलिव्हरीबद्दल विचारल्यावर सीएफओंनी स्वतःहून कुठल्या महिन्यात किती यंत्रं जाणार ते सांगितलं होतं. या वेळी तोच प्रश्न सीईओंनी घेतला आणि उत्तर होतं ‘सेकंड हाफ स्ट्राँगर असेल’. आकड्याच्या जागी विशेषण आलं आणि उत्तर देणारा माणूस बदलला. हे दोन बदल तुम्ही पान नंबरसकट दाखवू शकता, त्यावर कुणी वाद घालणार नाही. आणि दुसरीकडे मार्जिनबद्दल ते मागच्यापेक्षा जास्त नेमकं बोलले असतील तर तेही लिहा, टोन अख्ख्या कंपनीचा एक नसतो, विषयागणिक वेगळा असतो.

शब्द मोजून टोन काढायचा मोह होईल तर जरा जपून. लॉफ्रन आणि मॅकडोनाल्ड या दोन अभ्यासकांनी २०११ साली दाखवलं होतं की सर्वसाधारण शब्दयादीत जे शब्द नकारात्मक धरले जातात त्यातले जवळपास तीन चतुर्थांश कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत नकारात्मक अर्थाने वापरलेलेच नसतात, टॅक्स, कॉस्ट, लायबिलिटी हे तर रोजचे शब्द झाले. शिवाय सीएफओ नवीन आला असेल तर बोलण्याची पद्धत माणसामुळेही बदलते, तेव्हा तसं नोंदवा आणि निष्कर्ष काढायला अजून एक-दोन कॉल थांबा.

आणि ज्या वाक्यावर तुमची नोट उभी आहे ते वाक्य रेकॉर्डिंगमध्ये एकदा ऐकाच. ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘फिफ्टीन’चं ‘फिफ्टी’ होतं, ‘कान्ट’चं ‘कॅन’ होतं, आणि ‘इनऑडिबल’ असं लिहिलेली जागा नेमकी महत्त्वाच्या उत्तरात येते. प्रश्न संपल्यावर उत्तर यायच्या आधी किती वेळ शांतता होती तेही ऐकल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं केल्यावर आपल्या कंपनीची नोट मी साधारण अशी लिहीन:

‘वर्षाचं महसूलवाढीचं गायडन्स १० ते १२ टक्केच, पण आता ॲक्विझिशन धरून (पान १४), आधी ते सोडून होतं. जुन्या मापाने ८.५ ते १०.५ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात कपात. पहिल्या सहामाहीत ६ टक्के वाढ झाल्यामुळे दुसऱ्या सहामाहीत ॲक्विझिशन सोडून ११ ते १५ टक्के लागेल, हा आमचा हिशोब, कंपनीचा आकडा नाही. मुख्य रिस्क डिलिव्हरी पुढे ढकलल्या जाण्याची. ऑर्डर बुकपैकी सहा महिन्यांत किती बिल होईल हे विचारूनही सांगितलं नाही (पान १७), पुढच्या तिमाहीच्या महसुलात कळेल. येणं वसूल व्हायचे दिवस ६२ वरून ७८, कंपनीच्या मते टायमिंग, पुढच्या तिमाहीत साठीकडे परत आले नाहीत तर ते कारण टिकत नाही. टोन: डिलिव्हरीबद्दल मागच्यापेक्षा मोघम, महिनावार आकडे दिले नाहीत आणि उत्तर सीएफओंऐवजी सीईओंनी दिलं. मार्जिनबद्दल बदल नाही.’

एवढंच, अर्ध्या पानात बसतं. उरलेल्या अर्ध्या पानात पुढच्या कॉलला विचारायचे दोन-तीन प्रश्न लिहा, पहिला अर्थात तोच, सहा महिन्यांत किती बिल होणार.