डब्याच्या तोंडाशी ‘सेफ्टी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका

> “वाळपईजवळच्या आमच्या जुन्या घराच्या कोठीत आजोबांच्या सिनेमाच्या धंद्यातलं एक भलंमोठं प्रोजेक्टर आणि रिळांचे गंजलेले पत्र्याचे डबे सापडलेत. काहींना आंबट वास येतो. एक उघडला, तर सुरुवातीच्या पट्टीवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं दिसलं. भाऊ म्हणतो, मग काळजी कसली, भंगारात देऊया. हे कुठल्या मापाचं, किती जुनं, आणि आग लागू शकते का?”

भंगारात अजिबात देऊ नका, आणि उरलेले डबे तूर्त उघडू नका. तुमचा मजकूर वाचला आणि डिचोलीचं आमचं घर आठवलं. काकांच्या फिरत्या सिनेमाचे डबे आमच्याकडे असेच पडून होते, आणि आमच्याही पहिल्या रिळाच्या तोंडाशी हाच शब्द होता.

माप पट्टीने मोजा, त्यात फार काही नाही. रुंदी 16 मिमी, 9.5 मिमी (याची भोकं मधोमध असतात) किंवा 8 मिमी भरली, तर आगीची चिंता जवळजवळ सोडून द्या. ही मापं घरात आणि शाळेत वापरायला निघाली, त्यामुळे सुरुवातीपासून सहज न पेटणाऱ्या फिल्मवरच बनली. खरा प्रश्न 35 मिमीचा. दोन्ही कडांना भोकं आणि एका चित्राला चार भोकं असतील, तर ते 35. प्रोजेक्टर भलंमोठं आहे म्हणताय, म्हणजे बहुधा हेच निघेल.

35 मिमीची फिल्म 1950 च्या सुमारापर्यंत नायट्रेट या झटकन पेटणाऱ्या पदार्थावर निघत असे. कोडॅकने ती 1951 मध्ये बंद केली. नायट्रेट जळताना लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. म्हणून ते वाळूखाली, घोंगडीखाली, अगदी पाण्याखालीही जळत राहतं. कुजलेलं नायट्रेट तर बराच काळ उष्णता मिळाली की 41 अंशांच्या आसपासही आपोआप पेटू शकतं. मे महिन्यात कौलांखालच्या माळ्यावर किती तापतं हे तुम्हाला सांगायला नको. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती गेल्या. तिथे ही फिल्म काय आहे हे माहीत असलेली माणसं होती. आपल्या कोठीत तेही नसतं.

आता त्या ‘सेफ्टी’ शब्दाबद्दल, म्हणजे ही फिल्म नायट्रेटची नाही, सहज पेटणार नाही असं सांगणाऱ्या खुणेबद्दल, कारण आमचं सगळं नुकसान त्यातूनच झालं.

आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी एक डबा उघडायला लावला, पहिल्या हातभर पट्टीवरचा शब्द वाचला आणि सगळे डबे सुरक्षित असल्याचं कागदावर लिहून दिलं. वर सल्ला दिला की पावसाळा येतोय, प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवा. कागदावर शिक्का होता, म्हणून घरातल्यांनी तसंच केलं. पावसाळा संपल्यावर ओळखीतून फिल्म जतनाचं काम करणारे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी पिशवीला हात लावण्याआधी नुसता वास घेतला आणि सगळ्यांना अंगणात जायला सांगितलं. दोन रिळं आतून फेसाळून एकमेकांना चिकटून दगड झाली होती. नायट्रेट कुजताना जो आम्लधर्मी वायू सोडतं, तोच पुन्हा त्याला खातो. पिशवीत तो कोंडला गेला आणि वर्षानुवर्षांचं कुजणं काही महिन्यांत उरकलं. त्या दोन रिळांवर काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही. आम्हाला काही माहिती नव्हती म्हणूनच आम्ही त्या कार्यालयाचा उंबरा चढलो होतो. ज्याला कळत नाही त्याने ‘कळत नाही’ म्हणायला हवं होतं, शिक्का मारायला नको होता. याचा राग अजून जात नाही.

पहिली पट्टी का फसवते ते सांगतो. रिळाचं तोंड सर्वांत जास्त झिजतं. यंत्रात चढवताना फाटतं, जमिनीवर घासतं, म्हणून ऑपरेटर ते कापून नवा तुकडा जोडत. 1940 च्या आधीच्या प्रतीला 1960 नंतरचं तोंड असणं ही अगदी रोजची गोष्ट. मधला भाग फाटला तरी दुसऱ्या प्रतीतला तुकडा लावत. म्हणजे एका रिळात तीन वेगवेगळ्या फिल्म असू शकतात, आणि प्रत्येक जोडानंतर कडेवरचा मजकूर नव्याने वाचावा लागतो.

वाचायचं कसं, हे त्या गृहस्थांनी आमच्याच एका रिळावर दाखवलं. रीळ टेबलावर आडवं ठेवलं आणि आधी बाजूने पाहिलं. थरांमध्ये रंगाचे पट्टे दिसले, मध्ये पिवळट आणि बाहेर करडे. तिथेच कळलं की आत जोड आहेत. मग हातानेच, मोटर न लावता, सावलीत आणि एलईडी टॉर्चच्या उजेडात पट्टी उलगडली. तोंडाच्या तुकड्यावर पारदर्शक कडेत काळ्या अक्षरांत ‘सेफ्टी’ होतं. पहिल्या जोडानंतर तशीच काळी अक्षरं, पण ‘नायट्रेट’, आणि शेजारी एक भरीव गोल. दुसऱ्या जोडानंतर कड काळी आणि तिच्यावर पांढुरकी अक्षरं ‘नायट्रेट’, शिवाय थोडं पुढे, जिथे कड पारदर्शक होती तिथे, काळ्या अक्षरांत ‘सेफ्टी’.

यातला तिसरा तुकडा सगळ्यांना गोंधळात टाकतो. प्रत काढताना निगेटिव्हच्या कडेवरचा मजकूरही तिच्यावर उमटतो, आणि तो उलटा उमटतो, म्हणजे काळ्या कडेवर पांढरा. तेव्हा पांढरी अक्षरं निगेटिव्ह कशावर होती ते सांगतात. हातातली पट्टी कशाची आहे, ते काळी अक्षरं सांगतात. म्हणून तिसरा तुकडा जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेली सुरक्षित प्रत होता, आणि मधला तुकडा खरा नायट्रेट. (प्रतीवरून पुन्हा प्रत काढली असेल तर हाही हिशोब बिघडतो. शंका उरली की नायट्रेटच समजा.)

त्या गोलावरून साल निघतं. कोडॅक कडेवर वर्षाची खूण छापत असे आणि त्या खुणा दर वीस वर्षांनी फिरून येत. एकटा गोल म्हणजे 1916, 1936 किंवा 1956. शेजारी काळ्या अक्षरांत ‘नायट्रेट’ असल्यामुळे 1956 बाद झालं. ध्वनीची नागमोडी पट्टी होती, म्हणून 1916 ही बाद. उरलं 1936. मात्र हे साल कोरी फिल्म कारखान्यात तयार झाल्याचं. चित्रपट त्या वर्षीचा, असं लगेच धरू नका. तुमच्या कडेवर ‘ओर्वो’ दिसलं तर ती फिल्म 1964 नंतरची, आणि ‘इंदू’ असेल तर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची, तीही त्यानंतरचीच. दोन्ही सुरक्षित. प्रोजेक्टरच्या वयावरून मात्र फिल्मचं वय ठरवू नका, कारण एकच यंत्र तीस-तीस वर्षं चालायचं.

वासाबद्दल. माडाच्या व्हिनेगरसारखा स्वच्छ आंबट वास असेल, तर ती ॲसिटेट, म्हणजे ‘सेफ्टी’ प्रकारची फिल्म कुजतेय. पेटण्याचा धोका फारसा नाही, पण तो डबा बाकीच्यांपासून दूर ठेवा, त्या वाफेने शेजारचीही लवकर बिघडतात. नाकात झोंबणारा, घसा खवखवणारा वास असेल तर ते नायट्रेट समजा आणि पुन्हा हुंगायला जाऊ नका. डब्याच्या बाहेरच्या गंजावरून काही ठरवू नका, गोव्याच्या पावसात कुठलाही पत्रा गंजतो. आत रिळाच्या कडेवर तपकिरी भुकटी, चिकट मधासारखा थर, फुगे किंवा फेस दिसला, तर झाकण हलकेच ठेवून द्या आणि अग्निशमन दलाला (101) कळवा. तो माल घासणं, खरवडणं, उन्हात वाळवणं यातलं काहीही करू नका. तुकडा कापून काडी लावून बघा असं सांगणारे इथेही भेटतील, त्यांचं ऐकू नका.

निकाल लागेपर्यंत 35 मिमीचे सगळे डबे घरापासून वेगळ्या, सावलीच्या, हवेशीर खोलीत ठेवा. गॅस, वायरिंग, लाकूडफाटा जवळ नको. झाकणं घट्ट बसवू नका, प्लास्टिक तर नकोच. आग लागलीच तर विझवायला थांबू नका, माणसं बाहेर काढा. तो धूर फुप्फुसांना घातक असतो आणि त्रास काही तासांनीही सुरू होतो, म्हणून धूर नाकात गेला असेल तर बरं वाटत असलं तरी इस्पितळात जा.

भंगाराचं म्हणाल, तर फिल्ममधली चांदी काढायला ती जाळणारे लोक आहेत. त्यांच्या टेम्पोत नायट्रेट चढवणं म्हणजे रस्त्यावरच्या माणसांचा जीव टांगणीला लावणं. कायद्यानेही नायट्रेटची फिल्म 1952 च्या ज्वालाग्राही पदार्थांच्या कायद्यात येते. तेव्हा कुरिअर, कदंबची बस, रेल्वे काहीच नको.

प्रोजेक्टरला वीज जोडू नका. दिव्याच्या पेटीत ॲस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात, ते झाडू नका. पाऱ्याचा काचेचा रेक्टिफायर किंवा झेनॉनचा दिवा असेल तर त्याला हात नको, झेनॉनचा दिवा थंड असतानाही दाबाखाली असतो आणि फुटतो.

मी रसायनतज्ज्ञ नाही, हे आमच्या घरात जे पाहिलं-शिकलो त्यावरून सांगतोय. शेवटचा निर्णय प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला (आता ते एनएफडीसीत आहे) किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला आधी फक्त फोटो पाठवा: डब्यावरची चिठ्ठी, रिळाची बाजू, पट्टी ठेवून मोजलेली रुंदी आणि कडेवरची अक्षरं. अक्षरांचा फोटो मागून उजेड ठेवून काढा, म्हणजे ती काळी आहेत की पांढरी हे त्यांना दिसेल. जो डबा तुम्ही आधीच उघडलाय त्याच्यापासून सुरुवात करा, आणि तोंडाच्या पट्टीवर न थांबता पहिल्या जोडाच्या पलीकडचा फोटो घ्या. पट्टी चिकटलेली वाटली तर ओढू नका, तिथेच थांबा.