माफी तीनदा, जीएसटी एकदाही नाही

‘ताई, सीएची आर्टिकलशिप सुरू होऊन दोन महिने झालेत. सर फार कडक. गेल्या महिन्यात १० तारखेला रात्री ताप भरला. सुट्टीचा मेसेज लिहीत आणि खोडत बसले, शेवटी पाठवलाच नाही. सकाळी तशीच ऑफिसला गेले. सरांनी दुपारी घरी पाठवलं, वर “आधी सांगता येत नव्हतं?” हेही ऐकवलं. तेव्हाचा मसुदा देतेय, काय चुकलं सांगा: “आदरणीय सर, सॉरी. मला खूप ताप आहे. कामाच्या दिवसांत असं झालं म्हणून खरंच सॉरी. जमलं तर दुपारी येईन. प्लीज रागावू नका, सॉरी.”’
– भेदरलेली, पुणे

अगं, यात सरांना हवं ते एक वाक्यही नाही. ११ तारीख ही जीएसटीआर-१, म्हणजे आदल्या महिन्याच्या विक्रीचं रिटर्न, भरायची शेवटची. ती चुकली की क्लायंटची विक्रीची बिलं त्याच्या गिऱ्हाइकांच्या त्या महिन्याच्या २बीमध्ये, म्हणजे खरेदीच्या यादीत, दिसत नाहीत, त्यांचं कराचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि मग फोन येतात ते सरांना. त्यामुळे तुझं नाव स्क्रीनवर दिसताच त्यांच्या डोक्यात एकच येणार: हिच्याकडचं रिटर्न कुठवर आलंय?

‘जमलं तर येईन’ तर सगळ्यात वाईट. सर तुझी वाटही बघणार आणि काम दुसऱ्याला देताही येणार नाही. येणार नसशील तर नाही म्हण.

समज, तुझ्याकडे एका हार्डवेअरवाल्याचं रिटर्न आहे. मग असं लिही:

‘सर, रात्रीपासून १०१ ताप आहे, आज येऊ शकत नाही. हार्डवेअरवाल्यांचं जीएसटीआर-१ आज भरायचं आहे. सेल्स रजिस्टर टॅलीशी जुळवलंय. दोन बिलांवर जीएसटी नंबर चुकीचा आहे, ती बिलं फाइलमध्ये वर लावलीत. ओटीपी मालकांच्या मोबाइलवर जाईल. १२ वाजेपर्यंत फोनवर आहे.’

झालं. माफी एकदाही नाही, आणि उद्धटपणाही नाही. आजार एका ओळीत संपव. उलट्या किती झाल्या हे सरांना कळून उपयोग नाही. (औषधाच्या पाकिटाचा फोटोही नको. आजकाल मुलं तोही पाठवतात!)

रात्री एक वाजता पाठवू नकोस, तो सकाळच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. आठच्या सुमारास पाठव. ऑफिस उघडायच्या अर्धा तास आधीपर्यंत वाचलेला दिसला नाही तर सरळ फोन कर. त्या दिवशी ऑडिटला क्लायंटकडे जायचं असेल तर मेसेजच्या भानगडीत न पडता आधी फोनच, कारण बरोबरचे लोक निघालेले असतात.

कामावर परतलीस की रजा रजिस्टरमध्ये मांडून घे. ठरल्यापेक्षा जास्त रजा झाली तर तेवढे दिवस आर्टिकलशिपच्या शेवटी भरून द्यावे लागतात, तेव्हा हिशेब तुझ्याकडेही असू दे.

आणि सरांचं उत्तर नुसतं ‘ओके’ येईल. त्यावर पुन्हा ‘सॉरी सर’ पाठवायचं नाही.