हप्त्यावरचं यंत्र: सही करण्याआधी नोंदी लिहून बघा

प्रश्न: पॅकिंगचं यंत्र घ्यायचं आहे. रोख किंमत १०,००,००० रुपये. विक्रेता भाडे-खरेदीवर देतोय: आता २,००,०००, मग वर्षाअखेर ३,२०,००० असे तीन हप्ते. तो म्हणतो, व्याज पावणेसात टक्क्यांच्या आतच पडतं. बँक उरलेले ८,००,००० नऊ टक्क्यांनी द्यायला तयार आहे, तीही वर्षाला एक हप्ता घेऊन. मला विक्रेत्याचं स्वस्त वाटतंय. आमचे हिशेब लिहिणारे काका म्हणतात, हप्ता भरला की तो यंत्र खात्याला टाकू आणि भरलेल्या रकमेवरच घसारा काढू, म्हणजे नफाही चांगला दिसेल. सही करू का?

उत्तर: आत्ता करू नका. तुमचे दोन्ही प्रश्न, स्वस्त कोण आणि नोंद कशी, एकाच जागी अडकलेत. हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे अजून कुणीच वेगळं काढलेलं नाही.

विक्रेत्याने हिशेब असा केलाय: एकूण जादा पैसे १,६०,०००, तीन वर्षांनी भागले की वर्षाला ५३,३३३, म्हणजे आठ लाखांवर ६.६७ टक्के. पण आठ लाख तुमच्याकडे तीन वर्षं राहतातच कुठे? पहिल्या हप्त्यानंतर देणं खाली येतं, दुसऱ्यानंतर आणखी खाली. व्याज खऱ्या शिलकेवर धरलं तर दर वेगळाच निघतो. स्प्रेडशीटमध्ये एवढं टाका:

```
=RATE(3,-320000,800000)
```

उत्तर येतं ९.७ टक्के. बँकेच्या नऊपेक्षा जास्त.

आता हाच दर घेऊन तीन वर्षं चालून बघू. पहिल्या वर्षी ८,००,००० वर व्याज ७७,६००. हप्ता ३,२०,०००, म्हणून मुद्दलात गेले २,४२,४०० आणि देणं राहिलं ५,५७,६००. दुसऱ्या वर्षी त्यावर व्याज ५४,०८७, मुद्दल २,६५,९१३, देणं २,९१,६८७. तिसऱ्या वर्षी दर लावायचा नाही. शेवटच्या हप्त्यातून उरलेलं देणं वजा करायचं, जे राहील ते व्याज: २८,३१३. दर लावला असता तर २८,२९४ आले असते आणि विक्रेत्याच्या खात्यावर १९ रुपये लोंबकळत राहिले असते. तिन्ही व्याजांची बेरीज बरोबर १,६०,००० येते. ती आली नाही तर एखादी वजाबाकी चुकलीय, असं समजा; दर चुकला असेल तर मात्र बेरीज तीच येते, फक्त तो १९ रुपयांचा फरक मोठा होतो.

नोंदींकडे वळू. यंत्र कारखान्यात आलं त्या दिवशी पूर्ण रोख किंमत लिहायची, ना दिलेली रक्कम, ना भाडे-खरेदीची एकूण किंमत:

यंत्र खाते नावे १०,००,०००
विक्रेत्याचे खाते जमा १०,००,०००

विक्रेत्याचे खाते नावे २,००,०००
बँक खाते जमा २,००,०००

सुरुवातीच्या दोन लाखांत व्याज शून्य, कारण ते पहिल्याच दिवशी दिले, त्यांच्यावर व्याज चढायला वेळच मिळालेला नाही. वर्षाअखेर व्याज आधी विक्रेत्याच्या खात्यावर चढवायचं, मग हप्ता द्यायचा, मग घसारा:

व्याज खाते नावे ७७,६००
विक्रेत्याचे खाते जमा ७७,६००

विक्रेत्याचे खाते नावे ३,२०,०००
बँक खाते जमा ३,२०,०००

घसारा खाते नावे १,५०,०००
यंत्र खाते जमा १,५०,०००

घसारा मी उदाहरणापुरता घटत्या शिलकेवर १५ टक्के धरलाय. तुमचा दर वेगळा असेल तर तो लावा, पण लावायचा पूर्ण दहा लाखांवरच. इथे काकांचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. मालकी शेवटच्या हप्त्यानंतर मिळते, मग जे आपलं नाही त्यावर घसारा कसा, असा त्यांचा विचार असणार. पण यंत्र पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे पूर्ण चालतंय आणि पूर्ण झिजतंय. पाव पैसे दिले म्हणून ते पावभर झिजत नाही. रोख किमतीतला जेवढा भाग फेडला तेवढाच दरवर्षी यंत्र खात्याला टाकायची एक जुनी पद्धत आहे, पण तिच्यातसुद्धा व्याज वेगळं काढतात आणि घसारा पूर्ण रोख किमतीवरच धरतात.

काकांच्या पद्धतीने गेलं तर काय होतं, ते आकड्यांत बघा. पहिल्या वर्षी यंत्र खात्यावर २,००,००० आणि ३,२०,००० मिळून ५,२०,०००. घसारा ७८,०००. व्याज कुठेच नाही, कारण ते यंत्राच्या किमतीत मिसळलं. नफा-तोट्यावर खर्च आला ७८,०००, आणि यायला हवा होता ७७,६०० अधिक १,५०,०००, म्हणजे २,२७,६००. नफा १,४९,६०० रुपयांनी फुगला. तिसऱ्या वर्षाअखेर त्यांच्या पुस्तकात यंत्र ८,२२,५४५ ला उभं असेल, खरं तर ते ६,१४,१२५ ला हवं. पुढे कधी विकायला काढाल, तेव्हा हा दोन लाखांचा फरक एकदम तोटा होऊन समोर येईल.

फुगलेल्या नफ्याची मला काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. माझ्याकडे एक छापखानेवाले आले होते, त्यांनी अगदी असंच केलं होतं. पहिल्या वर्षी नफा छान दिसला, म्हणून त्यांनी घरासाठी मोठी उचल केली. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी खात्यात पैसे नव्हते आणि त्यांना खरंच कळत नव्हतं की गेले कुठे. मी विक्रेत्याच्या खात्याची खतावणी काढायला सांगितली, तर तसं खातंच नव्हतं. म्हणजे किती देणं बाकी आहे हे पुस्तकात लिहिलेलंच नव्हतं. तुमच्या पुस्तकात पहिल्या वर्षाअखेर दोन आकडे स्पष्ट दिसायला हवेत: यंत्र ८,५०,००० आणि विक्रेत्याचं देणं ५,५७,६००.

हप्ता चुकला तर काय, हेही नोंदीतूनच दिसतं. समजा दुसरा हप्ता भरता आला नाही आणि विक्रेत्याने यंत्र उचलून नेलं. तोवर देणं ५,५७,६०० अधिक ५४,०८७, म्हणजे ६,११,६८७. यंत्राची पुस्तकी किंमत दुसऱ्या वर्षाच्या घसाऱ्यानंतर ७,२२,५००. नोंद अशी होईल:

विक्रेत्याचे खाते नावे ६,११,६८७
नफा-तोटा खाते नावे १,१०,८१३
यंत्र खाते जमा ७,२२,५००

तुमचे दिलेले ५,२०,००० गेले आणि यंत्रही गेलं; त्यातले १,१०,८१३ या नोंदीत तोटा म्हणून दिसतात, बाकीचे व्याज आणि घसारा म्हणून दोन वर्षांत खर्ची पडलेत. भाडे-खरेदीत मालकी शेवटपर्यंत विक्रेत्याकडे असते, त्याचा अर्थ हा. बँकेकडून घेतलं तर यंत्र पहिल्या दिवसापासून तुमच्या मालकीचं, बँकेकडे फक्त नजरगहाण. हप्ते थकले तर बँकही यंत्रावर हात टाकू शकते, पण त्याआधी स्वतः चांगलं गिऱ्हाईक शोधून, ते विकून कर्ज फेडायला तुम्हाला वाव असतो. त्यासाठी बँकेची संमती लागेल, तेवढी घ्या.

पुस्तकात बँकेच्या बाबतीत फरक थोडाच पडतो. बँकेने दिलेले आठ लाख आणि तुमचे दोन लाख मिळून विक्रेत्याचं खातं पहिल्याच दिवशी मिटतं, त्याच्या जागी बँक कर्ज खातं उभं राहतं. पहिल्या वर्षाचं व्याज ७२,०००, घसारा तोच १,५०,०००.

आता निवड. नऊ टक्क्यांनी आठ लाखांचा वार्षिक हप्ता ३,१६,०४४ येतो. विक्रेत्यापेक्षा दरवर्षी ३,९५६ कमी. तीन वर्षांची ही बचत नऊ टक्क्यांनी आजच्या पैशात आणली तर साधारण १०,००० होते. म्हणून बँकेला एकच प्रश्न विचारा: कागदपत्रं, प्रक्रिया शुल्क, तपासणी सगळं धरून सुरुवातीला किती द्यावं लागेल? दहा हजारांच्या बराच आत आकडा असेल तर बँकेकडे जा. दहाच्या आसपास असेल तर पैशात फरक नाही, पण मालकी लगेच मिळते म्हणून तरीही मी बँकच निवडेन. पंधरा-वीस हजार सांगितले तर विक्रेत्याचा करार स्वस्त पडतो, आणि हप्त्यांची खात्री असेल तर तो घ्यायला माझी हरकत नाही.

मात्र खात्री तपासताना नफ्याकडे बघू नका. पहिल्या वर्षी नफा-तोट्यावर २,२७,६०० पडतात, पण बँक खात्यातून ५,२०,००० जातात. दुसऱ्या वर्षी खर्च ५४,०८७ अधिक घसारा १,२७,५००, म्हणजे १,८१,५८७, आणि बाहेर जातात ३,२०,०००. हे मधलं अंतर यंत्राच्या कमाईतून भरलं पाहिजे. तुमची उचल वजा करून वर्षाअखेर ३,२०,००० हातात राहतात का, एवढा एक हिशेब मागच्या वर्षाच्या आकड्यांवर करून बघा. राहत नसतील तर दोन्हीपैकी कुठलाच करार आज नको.

एक बारीक गोष्ट काकांना सांगून ठेवा. यंत्र हिशेबाच्या वर्षाच्या अधेमध्ये आलं तर हप्त्याची तारीख आणि वर्षअखेर जुळणार नाही. सहा महिनेच झाले असतील तर व्याज ३८,८०० आणि घसारा ७५,००० त्या वर्षात धरायचे, हप्ता अजून दिलेला नसला तरी. पुढच्या वर्षी हप्ता देताना उरलेलं ३८,८०० व्याज घ्यायचं. हे राहून जातं आणि मग दोन्ही वर्षांचा नफा चुकतो.

विक्रेत्याकडेच जायचं ठरलं, तर सहीआधी त्याला विचारा की पहिला हप्ता भरल्यावर करार मिटवायचा झाला तर किती घ्याल. तुमच्या पुस्तकाप्रमाणे ते ५,५७,६०० आहे. तो उरलेले दोन हप्ते मिळून ६,४०,००० म्हणाला, तर न वापरलेल्या पैशांवरचं ८२,४०० व्याजही तो मागतोय. करारात कुठला आकडा आहे ते बघून मला कळवा.